मोबाइल पेमेंट अ‍ॅपची दोन चित्रं: कॉन्टेक्स्टमध्ये काय काढायचं, कंटेनरमध्ये काय

काही वर्षांपूर्वी मी एका पेमेंट अ‍ॅपच्या टीममध्ये आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मला भिंतीवरची एक मोठी आकृती दाखवली गेली. चाळीसेक चौकटी होत्या. बँक होती, तिच्या शेजारी कॅश, कॅशच्या खाली लोड बॅलन्सर, आणि एका कोपऱ्यात ग्राहक. थोड्या दिवसांनी सुरक्षा तपासणीसाठी एक बाई आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: ग्राहक जो कार्ड नंबर टाइप करतो, तो तुमच्या सर्व्हरवर येतो का? आम्ही चौघं त्या आकृतीसमोर उभे होतो आणि आकृतीत पाहून उत्तर देता येईना. शेवटी कोड उघडावा लागला.

आकृतीत माहिती भरपूर होती, पण सगळी एकाच पातळीवर पसरलेली होती. नेमकं ते कसं टाळायचं, कोणती गोष्ट कोणत्या चित्रात ठेवायची, हे एका पेमेंट अ‍ॅपचं उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

आधी दोन शब्द पक्के करू

सायमन ब्राउन यांच्या सी-फोर पद्धतीत सॉफ्टवेअरची चार पातळ्यांवरची चित्रं असतात: कॉन्टेक्स्ट, कंटेनर, कॉम्पोनंट आणि कोड. बहुतेक टीमना पहिली दोन पुरतात, आणि आपण तेवढीच पाहणार आहोत.

कॉन्टेक्स्ट चित्रात आपली संपूर्ण प्रणाली म्हणजे फक्त एक चौकट. तिच्याभोवती ती वापरणारी माणसं आणि ती ज्यांच्याशी बोलते त्या इतर प्रणाली. कंटेनर चित्रात हीच एक चौकट उघडायची आणि आत काय काय चालतं ते दाखवायचं.

'कंटेनर' म्हटलं की नवख्या माणसाला डॉकर आठवतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. इथे कंटेनर म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा कार्यक्रम किंवा स्वतंत्र डेटासाठा. फोनवरचं अ‍ॅप हा कंटेनर, सर्व्हरवरची सेवा हा कंटेनर, डेटाबेस हाही कंटेनर. कोडमधली लायब्ररी कंटेनर नाही, कारण ती एकटी चालत नाही, कुणाच्या तरी पोटात चालते.

कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे ठरवायला मी एकच प्रश्न वापरतो: ही गोष्ट उद्या बदलली, तर कुणाला सांगावं लागेल? टीमच्या बाहेरच्या माणसांना सांगावं लागत असेल, तर ती कॉन्टेक्स्टमध्ये. टीममधल्या सगळ्यांना सांगावं लागेल पण बाहेर कुणाला फरक पडणार नसेल, तर ती कंटेनरमध्ये. ती फाइल लिहिणाऱ्या दोघांनाच फरक पडत असेल, तर ती दोन्ही चित्रांत नको. पुढच्या सगळ्या निर्णयांत हाच प्रश्न परत येईल.

पायरी 1: चित्राला हात लावण्याआधी एक पेमेंट शब्दांत लिहून काढा

चौकटी काढायला घाई करू नका. आधी एका पेमेंटचा प्रवास साध्या वाक्यांत लिहा. आपल्या उदाहरणातला असा:

ग्राहक अ‍ॅपमध्ये कार्ड जोडतो. कार्ड नंबर अ‍ॅपमधून थेट पेमेंट प्रोसेसरकडे जातो आणि त्याच्या बदल्यात एक टोकन परत येतं. ग्राहक विक्रेता निवडतो, रक्कम टाकतो, 'पैसे द्या' दाबतो. अ‍ॅप टोकन आणि रक्कम आपल्या सर्व्हरला पाठवतं. सर्व्हर प्रोसेसरकडे मंजुरी मागतो. उत्तर लगेच येतं, किंवा येत नाही. नंतर प्रोसेसर स्वतःहून आपल्याला निकाल कळवतो. खतावणीत नोंद होते, ग्राहकाच्या फोनवर सूचना जाते. रात्री प्रोसेसरकडून दिवसभराच्या व्यवहारांची फाइल आणून आपल्या नोंदींशी ताळा जुळवला जातो. विक्रेत्याच्या खात्यात पैसे टाकण्याचं कामही प्रोसेसरच करतो.

दहाबारा वाक्यं झाली. यात जी नामं आली, त्यांतूनच पुढच्या चौकटी निघतील, आणि क्रियापदांतून बाण. 'उत्तर लगेच येतं, किंवा येत नाही' हे वाक्य विसरू नका, त्याच्यावर पुढे बराच वेळ थांबायचं आहे.

पायरी 2: कॉन्टेक्स्ट चित्र

मध्ये एक चौकट: 'पेमेंट अ‍ॅप'. मोबाइल अ‍ॅप, सर्व्हर, डेटाबेस सगळं मिळून ही एक चौकट. फोनवरचं अ‍ॅप आणि मागचा सर्व्हर या दोन वेगळ्या चौकटी कॉन्टेक्स्टमध्येच काढाव्यात असं पुष्कळांना वाटतं. काढू नका. ग्राहकाच्या किंवा प्रोसेसरच्या नजरेतून ही एकच वस्तू आहे.

माणसं तीन: ग्राहक, विक्रेता आणि आपल्या मदत कक्षातला कर्मचारी. तिसऱ्याला बरेच जण विसरतात, पण अडकलेलं पेमेंट पाहणारा आणि पैसे परत करण्याची विनंती टाकणारा तोच असतो. त्याला किती दिसावं हा तपासणीत हमखास येणारा प्रश्न आहे, म्हणून तो चित्रात हवा.

बाहेरच्या प्रणाली चार. पेमेंट प्रोसेसर, विक्रेत्यांची ओळख पडताळणारी सेवा, फोनवर सूचना पोचवणारी सेवा, आणि आपल्याच कंपनीतली हिशेब प्रणाली. ही शेवटची 'आपलीच' असली तरी चौकटीच्या बाहेर राहते, कारण ती दुसरी टीम चालवते आणि तिच्यात बदल करणं आपल्या हातात नाही. कॉन्टेक्स्टमधली सीमारेषा कंपनीभोवतीची नसते, आपण जे बांधतो आणि चालवतो त्याभोवतीची असते.

आता न काढायच्या गोष्टी. ग्राहकाची बँक आणि कार्ड नेटवर्क पहिल्या कच्च्या चित्रात जवळजवळ नेहमी असतात. पैसे शेवटी तिथूनच येतात ना, मग ती नको कशी? पण आपली प्रणाली त्यांच्याशी एक शब्दही बोलत नाही. मंजुरीची विनंती आपण प्रोसेसरला देतो, पुढे ती नेटवर्कमार्फत कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत नेणं हे प्रोसेसरचं काम. कॉन्टेक्स्टमध्ये फक्त थेट शेजारी येतात. शेजाऱ्याचे शेजारी काढायला लागलात की चित्र पेमेंट उद्योगाचं होतं, तुमच्या अ‍ॅपचं राहत नाही. वाचकाला नेटवर्कचं अस्तित्व सांगायचंच असेल, तर प्रोसेसरच्या चौकटीतल्या वर्णनात एक वाक्य लिहा: 'कार्ड नेटवर्कमार्फत मंजुरी मिळवतो आणि विक्रेत्यांना पैसे पोचवतो.' तेवढं पुरतं.

सूचनेची सेवा प्रत्यक्षात दोन आहेत, अ‍ॅपलची आणि गूगलची. कॉन्टेक्स्टमध्ये मी त्यांची एक चौकट करतो. बाहेरच्या वाचकाला यातून एवढंच कळायला हवं की ग्राहकाला जाणारा संदेश तिसऱ्याच्या हातून जातो, म्हणून त्यात काय लिहायचं याला मर्यादा आहे.

बाणांवरचे शब्द या पातळीवर हेतूचे असावेत: 'कार्डावरून पैसे घेण्यासाठी वापरतं', 'विक्रेत्याची ओळख पडताळून घेतं'. एचटीटीपीएस, जेसन, एसएफटीपी यांतलं काहीही इथे नको. आपला प्रश्न लावून पाहा: उद्या प्रोसेसरशी बोलण्याची पद्धत बदलली, तर तपासणी करणाऱ्या बाईंना किंवा हिशेब विभागाला सांगावं लागेल का? नाही. मग ती इथली गोष्ट नाही. 'बोलतं', 'जोडलेलं आहे' असले शब्दही टाळा. कोणत्याही दोन चौकटींमध्ये ते चालतात, म्हणजे ते काही सांगतच नाहीत.

एक गोष्ट मात्र तांत्रिक वाटली तरी इथेच लिहायची: 'पूर्ण कार्ड नंबर या प्रणालीत साठवला जात नाही.' ती मधल्या चौकटीच्या वर्णनात जाते. कार्डाची माहिती हाताळणाऱ्यांना पीसीआय डीएसएस हे सुरक्षा मानक लागू होतं, आणि कार्ड नंबर आपल्या सर्व्हरला शिवतो की नाही यावर आपली किती प्रणाली त्या तपासणीच्या कक्षेत येते हे बरंचसं अवलंबून असतं. उद्या यात बदल झाला तर बाहेरच्या कितीतरी लोकांना सांगावं लागेल. म्हणून ते विधान कॉन्टेक्स्टमध्ये. पण नंबर कोणत्या वाटेनं जातो, ही कंटेनरची गोष्ट. एकाच बाबीचे दोन भाग असे दोन पातळ्यांवर राहू शकतात, आणि ते वेगळे करता येणं हीच यातली खरी कसोटी आहे.

एकूण आठ चौकटी झाल्या. फोनच्या पडद्यावरसुद्धा वाचता येईल इतकं हे चित्र मोकळं असतं.

पायरी 3: कंटेनर चित्र, आणि प्रत्येक चौकटीमागचा निर्णय

आता मधली चौकट उघडायची. बाहेरच्या प्रणाली आणि माणसं तशीच राहतात, त्यांची नावंही तीच. नावात फरक पडला, इथे 'प्रोसेसर' आणि तिथे 'गेटवे' असं झालं, तर वाचणारा ती दोन वेगळी समजतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, एका नव्या सहकाऱ्यानं त्या दुसऱ्या 'गेटवे'चं दस्तऐवज अर्धा दिवस शोधलं होतं.

आतली पहिली चौकट मोबाइल अ‍ॅप. आपल्या उदाहरणात ते फ्लटरमध्ये लिहिलेलं आहे, एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनसाठी तयार होतं, म्हणून मी एक चौकट काढतो. कॉटलिन आणि स्विफ्टमध्ये दोन वेगळी अ‍ॅप्स असती, दोन वेगळ्या गटांनी लिहिलेली, तर दोन चौकटी काढल्या असत्या, कारण तेव्हा एकात झालेली दुरुस्ती दुसऱ्यात झालेली नसण्याची शक्यता असते आणि ते वाचकाला दिसायला हवं.

दुसरी चौकट वेब पोर्टल. विक्रेता आणि मदत कक्षातला कर्मचारी दोघंही तेच वापरतात, फक्त अधिकार वेगळे. माणसं दोन असली तरी चालणारी वस्तू एक आहे, म्हणून चौकट एक आणि तिच्याकडे येणारे बाण दोन.

मग पेमेंट सेवा, म्हणजे सर्व्हरवरचा मुख्य कार्यक्रम. तिच्यामागे पेमेंट डेटाबेस. इथे थोडं थांबू, कारण डेटाबेसच्या चौकटींत नवखे लोक नकळत चुकीचं विधान करतात.

आपल्याकडे पेमेंटची स्थिती आणि खतावणीच्या जमा-नावे नोंदी एकाच पोस्टग्रेसमध्ये आहेत, फक्त स्कीमा वेगळे. चित्रात 'पेमेंट डेटाबेस' आणि 'खतावणी डेटाबेस' अशा दोन चौकटी काढायचा मोह होतो, दिसायलाही ते नीटनेटकं वाटतं. पण दोन चौकटी पाहून जाणकार वाचक असा अर्थ काढतो की या दोन्हींत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता येत नाही. म्हणजे पेमेंट 'यशस्वी' झालं आणि खतावणीत नोंद राहिली, अशी अवस्था येऊ शकते, आणि तिच्यासाठी दुरुस्तीची वेगळी व्यवस्था लागेल. आपल्या प्रणालीत ती अवस्था येत नाही, कारण दोन्ही नोंदी एकत्र होतात किंवा एकत्र रद्द होतात. म्हणून चौकट एकच, आणि वर्णनात 'पेमेंटची स्थिती आणि खतावणी' असे शब्द. उद्या खतावणी खरोखर वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवली, तर त्या दिवशी दुसरी चौकट काढायची, आणि ती काढताना हा प्रश्न टीमपुढे आपोआप येईल.

डेटाबेस क्लाउड कंपनी चालवत असेल तर तो बाहेरची प्रणाली म्हणून काढायचा का? नाही. यंत्र त्यांचं असलं तरी आतली रचना आणि डेटा आपला आहे, त्यात काय साठवायचं हे आपण ठरवतो. तो आतच. प्रोसेसरचं उलट आहे: त्याच्याकडे काय कसं साठवलंय हे आपल्याला दिसतही नाही.

राहिलेल्या चौकटी पटकन: प्रोसेसरकडून येणारे निकाल स्वीकारणारी वेबहुक सेवा, 'पेमेंट पूर्ण झालं' अशा घटनांची रांग, त्या रांगेतून उचलून सूचना पाठवणारा वर्कर, आणि रात्री ताळा जुळवून हिशेब प्रणालीला दिवसाची बेरीज देणारा जॉब. रांगेबद्दल एक सूचना आहे. मध्ये 'मेसेज ब्रोकर' अशी मोठी चौकट काढून सगळ्या सेवांचे बाण तिच्यात घालू नका. तसं केलं की कोण कुणासाठी काय टाकतं हे पूर्ण झाकलं जातं. ज्या रांगेत नेमकं काय जातं तिचं नाव चौकटीला द्या.

पायरी 4: कॉन्टेक्स्टमधला एक बाण इथे चार बाण होतो

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून प्रोसेसरकडे पाहा. कॉन्टेक्स्टमध्ये त्याच्याकडे एकच बाण जातो. कंटेनरमध्ये त्याच्याभोवती चार बाण असायला हवेत, आणि या अ‍ॅपबद्दलचं सगळ्यांत महत्त्वाचं ज्ञान त्या चारांत आहे.

पहिला बाण मोबाइल अ‍ॅपपासून प्रोसेसरकडे: 'एसडीकेमार्फत कार्ड नंबर देतं, टोकन घेतं.' हा बाण पेमेंट सेवेला वळसा घालून जातो. तपासणीच्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हा बाण आहे, आणि आमच्या जुन्या आकृतीत नेमका तोच नव्हता, कारण तिथे 'अ‍ॅप' ते 'बॅकएंड' आणि 'बॅकएंड' ते 'बँक' असे सरळ बाण काढलेले होते. प्रोसेसरचं एसडीके स्वतः चौकट होत नाही, ते अ‍ॅपच्या पोटातली लायब्ररी आहे, पण बाणाच्या शब्दांत त्याचा उल्लेख हवा.

दुसरा पेमेंट सेवेपासून प्रोसेसरकडे: 'टोकनावर मंजुरी मागते.' तिसरा उलट दिशेनं, प्रोसेसरपासून वेबहुक सेवेकडे: 'पेमेंटचा अंतिम निकाल कळवतो.' चौथा ताळा जुळवणाऱ्या जॉबपासून प्रोसेसरकडे: 'दिवसाच्या व्यवहारांची फाइल आणतो', आणि त्यावर एसएफटीपी.

चौथ्या बाणाच्या दिशेवर वाद होतो. फाइल तर आपल्याकडे येते, मग बाण प्रोसेसरकडे का? मी बाण नेहमी सुरुवात करणाऱ्याकडून काढतो. जॉब स्वतः उठून फाइल आणायला जातो, म्हणून तो बाण बाहेर जाणारा. वेबहुकमध्ये प्रोसेसर पुढाकार घेतो, म्हणून तो आत येणारा. डेटा वाहतो त्या दिशेनं बाण काढणारेही आहेत आणि तेही चालतं. पण एकाच चित्रात दोन्ही नियम मिसळले तर चित्र वाचताच येत नाही. जो नियम धरला असेल तो चित्राच्या कोपऱ्यातल्या सूचीत लिहा.

आता ते वाक्य: 'उत्तर लगेच येतं, किंवा येत नाही.' समजा पेमेंट सेवेनं मंजुरी मागितली आणि वेळेत उत्तर आलं नाही. याचा अर्थ पेमेंट फसलं असा होत नाही. विनंती पोचली असेल, पैसे कापलेही गेले असतील, आणि फक्त परतीचं उत्तर वाटेत हरवलं असेल. ज्या चित्रात फक्त दुसरा बाण आहे, ते पाहून कोड लिहिणारा नवा माणूस सहज असं लिहितो की उत्तर नाही आलं तर 'अयशस्वी' दाखवा. ग्राहक पुन्हा बटण दाबतो आणि पैसे दोनदा कापले जातात. तिसरा बाण चित्रात असेल, तर त्याला विचारावं लागतं की निकाल नंतरही येऊ शकतो, मग तोपर्यंत पेमेंटची स्थिती काय? उत्तर 'प्रलंबित' असं येतं. आणि वेबहुकही हरवला तर? मग रात्रीच्या फाइलमध्ये तो व्यवहार सापडतो, म्हणजे चौथा बाण. खरं काय घडलं हे कळायच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही चित्रात दिसतात.

हेच सगळं कॉन्टेक्स्टमध्ये का काढू नये? कारण विक्रेत्याला, हिशेब विभागाला किंवा व्यवस्थापकाला निकाल वेबहुकनं आला की फाइलमधून, यानं काही फरक पडत नाही. टीममधल्या प्रत्येकाला मात्र पडतो.

दुहेरी कपात टाळायला प्रत्येक विनंतीबरोबर एक आयडेम्पोटन्सी की पाठवली जाते, म्हणजे तीच विनंती दोनदा पोचली तरी ती एकदाच धरली जाते. ही की कुठल्या चौकटीत काढायची, असं मला पुष्कळदा विचारतात. चौकट नको. ती कशी तयार होते, किती वेळ ग्राह्य असते, हे एपीआयच्या दस्तऐवजात. पण ती *कुठे साठवली जाते* हे कंटेनरचं काम आहे. आपल्याकडे ती पेमेंट डेटाबेसमध्ये आहे, आणि ते डेटाबेसच्या वर्णनात एका शब्दानं येतं. ती वेगळ्या कॅशमध्ये असती, तर तो कॅश चौकट म्हणून काढावाच लागला असता, कारण तो रिकामा झाला तर दुहेरी पेमेंट शक्य होतं. 'कॅश काय, गेला तर परत भरेल' असं कुणी म्हणू नये, म्हणून.

पायरी 5: दोन्ही पातळ्यांवर नको असलेलं बाजूला काढा

लोड बॅलन्सर, एकाच सेवेच्या चार प्रती, राखीव डेटाबेस, फायरवॉल ही माहिती उपयोगाची आहे, पण ती डिप्लॉयमेंटच्या वेगळ्या चित्रात जाते. प्रती चारच्या सहा झाल्या तर कंटेनर चित्र बदलायला नको. पेमेंटच्या स्थितींची यादी आणि एका स्थितीतून दुसरीत जाण्याचे नियम वेगळ्या आकृतीत. एपीआयचे पत्ते, टेबलांची नावं, किती सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करायचा, हे दस्तऐवजात किंवा थेट कोडमध्ये.

पायरी 6: चित्र हातानं न काढता मजकुरातून काढा

दोन चित्रं वेगवेगळी हातानं काढली की महिन्याभरात त्यांचा मेळ तुटतो. स्ट्रक्चरायझर नावाच्या साधनात मॉडेल एकदाच लिहायचं आणि त्यातून दोन्ही चित्रं काढून घ्यायची. आपल्या उदाहरणाचा गाभा असा दिसतो:

```
workspace {
  model {
    customer = person "ग्राहक"
    processor = softwareSystem "पेमेंट प्रोसेसर"
    pay = softwareSystem "पेमेंट अ‍ॅप" {
      mobile = container "मोबाइल अ‍ॅप" "पैसे देणं" "Flutter"
      api = container "पेमेंट सेवा" "मंजुरी मागते" "Java"
      hook = container "वेबहुक सेवा" "निकाल घेते" "Java"
    }
    pay -> processor "कार्डावरून पैसे घेण्यासाठी वापरतं"
    customer -> mobile "पैसे देतो"
    mobile -> processor "कार्ड नंबर देतं, टोकन घेतं" "HTTPS"
    mobile -> api "टोकन, रक्कम पाठवतं" "HTTPS"
    api -> processor "टोकनावर मंजुरी मागते" "HTTPS"
    processor -> hook "अंतिम निकाल कळवतो" "HTTPS"
  }
  views {
    systemContext pay {
      include *
      autolayout lr
    }
    container pay {
      include *
      autolayout lr
    }
  }
}
```

यात `pay -> processor` ही ओळ कंटेनरच्या बाणांच्या आधी का लिहिली आहे? `mobile -> processor` असा आतला बाण लिहिला की हे साधन त्यावरून `pay` आणि `processor` यांच्यातला बाण आपोआप धरतं, पण त्या दोघांत त्या दिशेचा बाण आधीच नसेल तरच. तुम्ही कॉन्टेक्स्टची ओळ लिहिली नाहीत, तर वरच्या चित्रात 'कार्ड नंबर देतं, टोकन घेतं' हे शब्द चढतात, आणि विक्रेत्यासाठी केलेल्या चित्रात खालच्या पातळीचा तपशील शिरतो. आधी स्वतःच्या शब्दांत लिहिली की तेच शब्द राहतात.

उलट दिशेचा बाणही असाच वर चढतो: `processor -> hook` मुळे कॉन्टेक्स्टमध्ये प्रोसेसरकडून आपल्याकडे येणारा दुसरा बाण दिसेल. तो तिथे नको असेल तर `systemContext` मध्ये `include *` च्या खाली ही ओळ घाला:

```
exclude "processor -> pay"
```

पायरी 7: चित्र दुसऱ्याला वाचायला द्या, स्वतः गप्प बसा

टीमबाहेरच्या एखाद्याला कॉन्टेक्स्ट चित्र द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. चौकट, बाणावरचे शब्द, चौकट असं वाक्य बनायला हवं: 'पेमेंट अ‍ॅप, विक्रेत्याची ओळख पडताळून घेतं, ओळख पडताळणी सेवेकडून.' जिथे तो अडखळेल, तिथले शब्द बदला. मग विचारा: ग्राहकाची माहिती या प्रणालीतून बाहेर कुठे कुठे जाते? त्याला चित्रातूनच सांगता आलं पाहिजे.

कंटेनर चित्र टीममध्ये नव्यानं आलेल्याला द्या आणि तीन प्रश्न विचारा. कार्ड नंबर आपल्या सर्व्हरवर येतो का? मंजुरीचं उत्तर आलं नाही तर निकाल कसा कळेल? सूचनांचा वर्कर बंद पडला तर पेमेंटं थांबतील का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, कारण मध्ये रांग आहे. त्यानं 'हो' म्हटलं, तर पेमेंट सेवेकडून वर्करकडे थेट बाण गेला आहे का ते पाहा, बहुधा तोच असतो.

बदल आला की पातळ्यांची परीक्षा होते

रांगेचं साधन बदललं, रॅबिटएमक्यूच्या जागी काफ्का आलं: कंटेनर चित्रातल्या एका चौकटीचा तंत्रज्ञानाचा शब्द बदलतो, कॉन्टेक्स्टला हातही लावावा लागत नाही. पेमेंट सेवा फोडून परताव्यांसाठी वेगळी सेवा केली: कंटेनरमध्ये एक चौकट वाढते, कॉन्टेक्स्ट तसंच. दुसरा प्रोसेसर जोडला: दोन्ही चित्रं बदलतात, आणि बदलायलाच हवीत, कारण ग्राहकाची माहिती आता आणखी एका बाहेरच्या हातात जाते. कंटेनरमध्ये त्याचेही चार बाण तपासून घ्यायचे. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रोसेसरचा मंजुरीचा बाण पहिल्याच दिवशी येतो आणि फाइलचा बाण राहून जातो. मग काही दिवसांनी ताळा जुळेनासा होतो आणि कारण शोधायला जुने व्यवहार उपसावे लागतात. ग्राहकाला थेट बँक खात्यातून पैसे देण्याची सोय केली, तर इतके दिवस मुद्दाम बाहेर ठेवलेली बँक कॉन्टेक्स्टमध्ये येते, कारण आता आपली प्रणाली तिच्याशी खरोखर बोलू लागली.

एखादा छोटा तांत्रिक बदल झाला आणि तरी कॉन्टेक्स्ट चित्र बदलावं लागलं, तर तिथे खालच्या पातळीचा तपशील घुसलेला आहे. तो शोधून खाली उतरवा, आणि मगच बदल नोंदवा.